'उद्या बाळाला दाखवायचे आहे' : अपुऱ्या निरोपाला दवाखान्याचे उत्तर

पवना नदीच्या परिसरातील रहाटणी हे एकेकाळी शेतीवाडीचे गाव होते. आज ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीतील दाट वस्तीचे उपनगर आहे. भोसरी व चाकणच्या कारखान्यांत पाळीने काम करणारे कामगार, हिंजवडीच्या संगणक कंपन्यांतील कर्मचारी, मराठवाडा-विदर्भातून आणि परप्रांतांतून पोटापाण्यासाठी आलेली कुटुंबे, आणि मूळचे गावकरी असे नाना प्रकारचे लोक येथे शेजारी शेजारी राहतात. अशा वस्तीतील खासगी दवाखान्यात भेटीची वेळ मागणारे निरोप आता मुख्यतः मोबाईलवर येतात. ते थोडक्यात लिहिलेले असतात, आणि बहुधा अपुरे असतात.

नमुन्यादाखल एक निरोप घेऊ. तो कल्पित आहे. परंतु कोणत्याही दवाखान्याच्या स्वागतकक्षात बसणाऱ्या व्यक्तीला तो ओळखीचा वाटेल.

"उद्याची अपॉइंटमेंट मिळेल का? बाळाला दाखवायचे आहे. सुटी आहे."

निरोप पाठविण्याची वेळ रात्रीचे १२ वाजून २० मिनिटे. तारीख गुरुवार, १२ मार्च. स्वागतिकेने, म्हणजे रिसेप्शनिस्टने, तो वाचला त्याच गुरुवारी सकाळी ९ वाजता. निरोपात तारीख नाही, रुग्णाचे नाव नाही, वय नाही, आणि त्रास काय तेही नाही. या निरोपाला तिने काय उत्तर द्यावे, हा या लेखाचा विषय आहे.

दोन सोपी पण चुकीची उत्तरे

पहिले सोपे उत्तर असे : "हो, उद्या सकाळी १०.३० ला या." हे उत्तर तत्पर दिसते, पण त्यात स्वागतिकेने एक तारीख मनाने ठरवून टाकली आहे. तिच्या दृष्टीने 'उद्या' म्हणजे शुक्रवार, कारण निरोपावर गुरुवारची तारीख पडलेली आहे. पाठविणारा मात्र कारखान्यातील दुसरी पाळी संपवून मध्यरात्रीच्या सुमारास घरी आलेला कामगार असू शकतो. त्याचा बुधवार अजून संपलेलाच नसतो. झोपून उठल्यावर जो दिवस उजाडेल तो त्याचा 'उद्या', म्हणजे गुरुवार. निरोपातील 'सुटी आहे' हे शब्दही त्याच दिशेने बोट दाखवितात. या औद्योगिक पट्ट्यातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. शाळांची व बहुतेक कार्यालयांची मात्र रविवारी. तेव्हा 'सुटीच्या दिवशी येतो' एवढ्यावरून रहाटणीत वार ठरविता येत नाही.

दुसरे सोपे उत्तर याच्या उलट टोकाचे आहे : "माहिती अपूर्ण आहे. संपूर्ण तपशील पाठवा." यात चूक शोधली आहे, पण वाट दाखविलेली नाही. कोणता तपशील हवा हे पाठविणाऱ्याला ठाऊक असते, तर त्याने तो पहिल्याच वेळी दिला असता. परिणाम असा होतो की, तो नुसते नाव पाठवितो, मग वय विचारले जाते, मग तारीख. अशा चार फेऱ्यांत सकाळ निघून जाते. आणि या विशिष्ट निरोपाच्या बाबतीत ती सकाळ मौल्यवान असू शकते.

एकच निरोप, तीन बाळे

'बाळ' हा शब्द आपल्या घरांत वयावर अवलंबून नसतो. काही दिवसांच्या तान्ह्यालाही बाळ म्हणतात आणि शाळेत जाणाऱ्या थोरल्या मुलालाही लाडाने बाळच म्हणतात. म्हणून वरील निरोपामागे निदान तीन वेगवेगळी मुले असू शकतात, आणि प्रत्येकासाठी योग्य उत्तर वेगळे आहे.

पहिले बाळ चाळीस दिवसांचे आहे. रात्रीपासून त्याचे अंग गरम लागते आणि ते नीट अंगावर पीत नाही. बालआरोग्याच्या प्रचलित मार्गदर्शनानुसार दोन महिन्यांच्या आतील अर्भकाला ताप असणे हे स्वतःच धोक्याचे लक्षण समजले जाते. काखेत मोजलेले तापमान ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९९.५ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक भरले, तर त्या बाळाला तातडीने वैद्यकीय तपासणी हवी. या वयात जंतुसंसर्गाविरुद्धची शक्ती पुरेशी तयार झालेली नसते; संसर्ग रक्तात झपाट्याने पसरू शकतो आणि बाहेरून दिसणारी लक्षणे फार थोडी असतात. मोठ्या माणसाला एवढा ताप किरकोळ वाटतो. म्हणूनच घरचे लोक 'उद्या सुटी आहे, तेव्हा दाखवू' असे म्हणतात. या बाळासाठी शुक्रवारची वेळ देणे धोक्याचे आहे. त्याला भेटीची वेळ द्यावयाचीच नाही. त्याला ताबडतोब आणावयास सांगावयाचे आहे.

दुसरे बाळ पूर्ण निरोगी आहे. त्याला 'दीड महिन्याची लस' द्यावयाची आहे. बोलण्यात दीड महिना म्हटले जाते. परंतु लसीकरणाच्या वेळापत्रकात ती सहा आठवड्यांची, म्हणजे ४२ दिवस पूर्ण झाल्यानंतरची लस असते. पुढील मात्रा दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत येतात. समजा, या बाळाचा जन्म ३ फेब्रुवारीचा आहे. मग १२ मार्च रोजी ते ३७ दिवसांचे असेल आणि त्याचे सहा आठवडे १७ मार्चला पूर्ण होतील. गुरुवारची वेळ दिली, बापाने सुटी त्यासाठी खर्च केली, बाळ-बाळंतीण उन्हातून आली, आणि डॉक्टरांनी 'पाच दिवसांनी या' असे सांगून परत पाठविले, तर तो दोष डॉक्टरांचा नव्हे. जन्मतारीख न विचारता वेळ दिली गेली, हा तो दोष आहे. येथे तारीख रुग्णाच्या सोयीवरून ठरत नाही. ती जन्मतारखेवरून मोजावी लागते.

तिसरे बाळ अकरा वर्षांचे आहे. त्याच्या हातापायांना खाज येते आणि त्याला शुक्रवारी सकाळी शाळेत परीक्षा आहे. त्याच्यासाठी घाई नाही. सायंकाळची कोणतीही वेळ चालेल. मात्र त्याच्या बाबतीत एक वेगळा धोका आहे. त्याच मोबाईल क्रमांकावर दवाखान्यात त्याच्या धाकट्या भावाची आणि आईची नोंद आधीच झालेली आहे. स्वागतिकेने क्रमांक पाहून समोर येईल ती नोंद उघडली, तर धाकट्याचे वजन आणि धाकट्याला न चालणारे औषध ही माहिती थोरल्याच्या नावावर डॉक्टरांपुढे जाईल. मुलांच्या औषधाची मात्रा बहुधा वजनावरून ठरते, म्हणून ही अदलाबदल नुसत्या कागदोपत्री घोटाळ्यापुरती राहत नाही.

या तीन बाळांकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. निरोपात जे चार तपशील राहिले आहेत, त्यांचे मोल सारखे नाही. वय आणि त्रास यांवरून रुग्णाने थांबावे की थांबू नये हे ठरते. नाव आणि जन्मतारीख यांवरून तो नेमका कोण हे ठरते. तारीख आणि वेळ ही त्यानंतरची बाब आहे. निरोप पाठविणाऱ्याने प्रथम तारखेचा विषय काढला, म्हणून उत्तरही तारखेपासून सुरू करणे हीच या प्रकारातील मूळ चूक होय.

उत्तर कसे असावे

निरोपात 'बाळ' हा शब्द दिसताच स्वागतिकेने शक्य तर लिहीत न बसता फोन लावावा. रात्रपाळी किंवा दुसरी पाळी करून आलेला माणूस सकाळी झोपलेला असतो. लिहिलेला मजकूर तो दुपारी वाचेल, पण फोनच्या घंटीने जागा होईल. फोन लागला नाही तर लेखी उत्तर पाठवावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा फोन करावा. ते लेखी उत्तर पुढीलप्रमाणे असू शकते :

"नमस्कार. आपला निरोप आज गुरुवारी सकाळी ९ वाजता पाहिला. भेटीची वेळ देता येईल. त्याआधी कृपया कळवा : बाळाचे वय किती आणि त्रास काय आहे? बाळ दोन महिन्यांच्या आतील असून अंग गरम किंवा थंड लागत असेल, किंवा कोणत्याही वयाचे मूल दूध-पाणी घेत नसेल, सर्व उलटून टाकत असेल, झटके आले असतील, किंवा गुंगीत असेल, तर वेळेची वाट न पाहता आताच दवाखान्यात आणा व निघताना फोन करा. तसे काही नसेल तर एवढे लिहून पाठवा : १. मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. २. जन्मतारीख. ३. पूर्वी आमच्याकडे दाखविले आहे का? ४. लसीसाठी येत आहात की तपासणीसाठी? आपल्यासाठी आज गुरुवार, १२ मार्च, सायंकाळी ५.३० आणि उद्या शुक्रवार, १३ मार्च, सकाळी १०.३० या दोन वेळा आज दुपारी १ वाजेपर्यंत राखून ठेवल्या आहेत. यांपैकी कोणती हवी ते कळवा."

या उत्तराची घडण थोडी उलगडून पाहणे उपयुक्त ठरेल. त्यात धोक्याची लक्षणे प्रश्नाच्या रूपाने नव्हे, तर सूचनेच्या रूपाने दिली आहेत. कारण पाठविणारा उलट उत्तर पाठविण्याआधीच ती वाचेल, आणि त्याच्या बाळाला ती लागू पडत असतील तर पुढील पत्रव्यवहाराची गरजच उरणार नाही. सर्व प्रश्न एकाच वेळी विचारले आहेत, म्हणून फेऱ्या वाचतात. तारखेच्या जागी 'उद्या' एकटा कोठेही आलेला नाही. प्रत्येक ठिकाणी वार, तारीख आणि सकाळ-सायंकाळ ही तिन्ही एकत्र दिली आहेत.

या तिहेरी पद्धतीचे कारण आपल्या भाषेतच आहे. मराठीत 'परवा' हा शब्द होऊन गेलेल्या दिवसासाठी आणि येणाऱ्या दिवसासाठी सारखाच वापरला जातो. 'सहाला येतो' म्हणणारा पहाटेच्या पाळीचा माणूस सकाळचे सहा मनात धरून असतो, तर दवाखाना सायंकाळचे. '५/६' असे लिहिले तर कोणी पाच जून वाचतो, कोणी सहा मे. वार आणि तारीख एकमेकांशी जुळत नसतील तर चूक तेथल्या तेथे उघडी पडते. एकट्या तारखेत किंवा एकट्या वारात ती लपून राहते. उत्तर मिळाल्यावर स्वागतिकेने ठरलेली वेळ याच तिहेरी रीतीने परत लिहून पाठवावी. ती जोवर परत लिहिलेली नाही, तोवर भेट ठरली असे समजू नये.

वेळ राखून ठेवण्याला मुदत घातली आहे, हेही महत्त्वाचे. मुदत नसेल तर एका अनुत्तरित निरोपासाठी दोन जागा दिवसभर अडून राहतात आणि दुसऱ्या रुग्णाला नकार द्यावा लागतो. दुपारी १ वाजेपर्यंत उत्तर आले नाही, तर एक शेवटचा फोन करून जागा मोकळी करावी आणि नोंदवहीत 'तीनदा फोन, उत्तर नाही' असे वेळेसह लिहून ठेवावे. नोंद रिकामी सोडू नये; सायंकाळच्या पाळीला येणाऱ्या दुसऱ्या स्वागतिकेला ती रिकामी जागा काहीच सांगत नाही.

फोनवरील संभाषण

समजा, फोन लागला. "नमस्कार दादा, रहाटणीच्या दवाखान्यातून बोलते. रात्री तुम्ही बाळासाठी निरोप पाठवला होता. बाळ केवढे आहे?" पलीकडून झोपेतला आवाज : "चाळीस दिवसांचं आहे मॅडम. थोडं अंग गरम आहे, बाकी काही नाही. संध्याकाळी आणलं तर चालेल ना?"

येथे स्वागतिकेची खरी कसोटी आहे. 'चालेल' म्हणणे तिच्या अधिकारात नाही. 'काही होत नाही, अमुक थेंब द्या' असे सांगणे तर मुळीच नाही. ती वैद्यक नाही. तिने निदान करावयाचे नसून फक्त दोन गोष्टी ओळखावयाच्या आहेत : वय दोन महिन्यांच्या आत, आणि ताप. एवढे जुळले की तिचे उत्तर ठरलेले असावे : "नाही दादा, संध्याकाळपर्यंत थांबू नका. एवढ्या लहान बाळाला ताप असला तर डॉक्टर लगेच बघतात. तुम्ही आत्ता निघा, मी डॉक्टरांना सांगून ठेवते. बाळ दूध पितंय का?" आणि फोन ठेवताच तिने डॉक्टरांना, ते दुसऱ्या रुग्णाकडे असले तरी, ही माहिती द्यावी. नाव, आडनाव, जन्मतारीख हे सारे बाळ आल्यावर विचारता येते. बाळाला झटके येत असतील किंवा श्वास घेताना धाप लागत असेल, तर दवाखान्यात बोलावण्याऐवजी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मागविण्यास किंवा थेट मोठ्या रुग्णालयात नेण्यास सांगावे. या भागासाठी महानगरपालिकेचे पिंपरीतील यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय हे तसे ठिकाण आहे.

अशी धोक्याच्या लक्षणांची यादी स्वागतिकेने स्वतः तयार करावयाची नसते. ती डॉक्टरांनी लिहून, सही करून टेबलावर लावून द्यावी. मुलांसाठी एक, गरोदर स्त्रियांसाठी एक आणि छातीत दुखणे, एकाएकी तोंड वाकडे होणे यांसारख्या मोठ्यांच्या लक्षणांसाठी एक, अशा तीन छोट्या याद्या पुरेशा आहेत. यादीत नसलेले काही ऐकू आले आणि शंका वाटली, तर निर्णय न घेता फोन डॉक्टरांकडे द्यावा.

ओळख पटविताना

रुग्णाची ओळख पटविताना मोबाईल क्रमांकावर विसंबून चालत नाही. तो बहुधा माणसाचा नसून कुटुंबाचा असतो. भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्या चार कामगारांचाही तो एकच असू शकतो. पूर्ण नाव आणि जन्मतारीख या दोन खुणा मिळून मात्र बहुतेक वेळा पुरतात. विवाहित स्त्रियांच्या बाबतीत जुनी नोंद माहेरच्या नावाने असण्याची शक्यता असते. तेव्हा 'पूर्वी कोणत्या नावाने दाखविले होते?' असा प्रश्न विचारावा. नवजात बाळाचे बारसे झालेले नसेल, तर आईच्या पूर्ण नावापुढे 'यांचे बाळ' असे लिहून जन्मतारीख घालावी, आणि नाव ठेवल्यावर तीच नोंद दुरुस्त करावी. नवी उघडू नये. जुळी असतील तर पहिले व दुसरे असा भेद लिहून ठेवणे अगत्याचे आहे.

ही माहिती विचारताना स्वागतिकेने स्वतःहून भरून दाखवू नये. "आपण अमुक ना? मागच्या महिन्यात अमुक तक्रारीसाठी आला होता ना?" असे विचारले, आणि फोन घरातील दुसऱ्याच कोणी उचललेला असला, तर एका रुग्णाची खासगी गोष्ट दुसऱ्याच्या कानी जाते. समोरच्याने नाव व जन्मतारीख सांगावी आणि दवाखान्याने ती आपल्या नोंदीशी ताडून पाहावी, हीच रीत योग्य. भेटीची वेळ देण्यासाठी आधार क्रमांकाची किंवा जुन्या तपासणी अहवालांच्या छायाचित्रांची मागणी करण्याचेही कारण नाही. व्यक्तिगत माहिती ज्या कामासाठी घ्यावयाची त्या कामापुरतीच घ्यावी, हे तत्त्व २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यातही आलेले आहे.

दुसऱ्यासाठी निरोप पाठविणाऱ्यांना

असे निरोप पुष्कळदा रुग्णाच्या घरचे नव्हे, तर तिसरेच कोणी पाठवीत असते. शाळेत आजारी पडलेल्या मुलासाठी शिक्षक पाठवितात. चाकणजवळच्या एखाद्या गावातून ग्रामपंचायत सदस्य शेजारच्या म्हाताऱ्या आजीसाठी पाठवितात. तेव्हा रुग्णाचे वय व त्रास प्रथम लिहावा, पूर्ण नाव नंतर, आणि रुग्णासोबत जो येणार आहे त्याचा क्रमांक शेवटी द्यावा. स्वतःचा क्रमांक दिला आणि आपण सभेत किंवा वर्गात असलो, तर दवाखान्याचा परतीचा फोन वाया जातो. दिवस सांगताना 'उद्या' न लिहिता वार व तारीख लिहावी.

चाळीस दिवसांच्या त्या बाळाचा बाप वाईट नव्हता, निष्काळजीही नव्हता. पाळी संपवून आल्यावर, घरचे झोपलेले असताना, त्याने आपल्या परीने निरोप पाठविला होता. त्यात काय लिहावे हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते. त्याच्या निरोपातील मोकळी जागा भरून काढण्याचे काम सकाळी ९ वाजता टेबलाशी बसलेल्या स्वागतिकेचे होते, आणि त्यासाठी तिने प्रथम विचारावयाचा प्रश्न चार शब्दांचा होता : बाळ केवढे आहे हो?